गोल घुमटाचा घुमट नेमका कशावर उभा आहे?

विजापूरच्या वास्तूंवरचे एक मोठे पुस्तक 1866 मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाले. त्यात मेडोज टेलर यांनी इतिहास सांगितला आहे आणि जेम्स फर्ग्युसन यांनी वास्तूंवर टिपणे लिहिली आहेत. चित्रे मात्र या दोघांची नाहीत. मुखपृष्ठावरच्या लांबलचक मजकुरात कॅप्टन हार्ट आणि इंजिनिअर कमिंग यांची नावे येतात आणि त्यांच्यापुढे ‘देशी ड्राफ्ट्समन’ असा मोघम उल्लेख येतो. ज्यांनी मोजपट्टी धरून भिंती मोजल्या आणि कागदावर रेघा ओढल्या, त्यांची नावे कुणाला नोंदवावीशी वाटली नाहीत, ही खंत राहतेच. त्यांच्या कामाचा वारसा मात्र टिकून आहे. ऐतिहासिक वास्तूचे प्लॅन, सेक्शन आणि एलेव्हेशन कसे वाचावे हे शिकायचे, तर त्या पुस्तकातल्या सर्वांत मोठ्या इमारतीपासून, म्हणजे गोल घुमटापासून सुरुवात करावी.

महंमद आदिलशहाची ही कबर. त्याने 1627 ते 1656 अशी जवळजवळ तीस वर्षे राज्य केले. शहाजीराजे ज्याच्या दरबारी होते तोच हा सुलतान, त्यामुळे मराठी वाचकाला त्याचे नाव अनोळखी नाही. विजापूरही 1956 पर्यंत मुंबई राज्यातच होते. इमारत पाहायला गेलेला माणूस सज्जात उभा राहून टाळी वाजवतो, प्रतिध्वनी मोजतो आणि खाली उतरतो. पण घुमटाखाली उभे राहून वर पाहिले की एक साधा प्रश्न पडायला हवा. खालची खोली चौकोनी आहे, वरचा घुमट गोल आहे आणि मध्ये एकही खांब नाही. मग एवढा घुमट उभा कशावर आहे? तिन्ही प्रकारची चित्रे या प्रश्नाला तीन वेगवेगळी उत्तरे देतात. एकट्या चित्राचे उत्तर अपुरे असते, कधी कधी फसवेही असते.

आधी एलेव्हेशन पाहू, कारण नवा विद्यार्थी तिकडेच आधी वळतो. ते फोटोसारखे दिसते, म्हणून ओळखीचे वाटते. दक्षिणेकडचे एलेव्हेशन समोर घेतले तर मधोमध एक भलामोठा चौरस दिसतो. दोन्ही टोकांना कमानींच्या खिडक्यांचे मजल्यांवर मजले चढवलेले अष्टकोनी बुरूज दिसतात आणि प्रत्येकाच्या माथ्यावर छोटा घुमट. चौरसाच्या वरच्या भागात एक आडवा पट्टा आहे, त्यावर छोट्या कमानींची रांग आहे आणि या सगळ्यावर मोठा घुमट. घुमटाच्या बुडाशी पाकळ्यांची माळ आहे. घुमट त्या पाकळ्यांतूनच उगवला आहे असे कुणालाही वाटेल.

पण एलेव्हेशन हा फोटो नव्हे. फोटोत जवळचे मोठे दिसते आणि लांबचे लहान. एलेव्हेशनमध्ये तसे होत नाही. भिंतीवरचा प्रत्येक बिंदू कागदावर काटकोनात सरळ आणून ठेवलेला असतो, जणू पाहणारा अनंत अंतरावर उभा आहे. त्यामुळे उंची आणि रुंदी खरी मिळते, खोली मात्र पुसली जाते. तो आडवा पट्टा म्हणजे भिंतीबाहेर आलेला छज्जा. फर्ग्युसन यांच्या नोंदीनुसार तो 83 फूट उंचीवर आहे आणि भिंतीपासून 12 फूट पुढे आलेला आहे. बारा फूट म्हणजे मध्यम आकाराच्या खोलीची रुंदी. एलेव्हेशनमध्ये त्याची फक्त जाडी दिसते. छज्जा बारा फूट बाहेर आहे की दोन फूट, हे रेघांवरून कळायला मार्ग नाही. चित्रकाराने सावली काढली असेल तर थोडा अंदाज येतो. नसेल तर नाही. हाच फरक घुमटालाही लागू आहे. जमिनीवर इमारतीच्या जवळ उभ्या माणसाला छज्जा आणि कठडा आड आल्यामुळे घुमटाचा खालचा भाग दिसतच नाही. एलेव्हेशनमध्ये तो पाकळ्यांसकट पूर्ण दिसतो. म्हणून ‘प्रत्यक्षात घुमट इतका मोठा वाटला नव्हता’ असे कुणी म्हणाले, तर चित्र चुकलेले असते असे नाही.

बुरुजांबाबत आणखी एक सापळा आहे. अष्टकोनी बुरुजाची एक बाजू समोर असली, तर तिच्या डावी-उजवीकडच्या दोन बाजू तिरक्या जातात. कागदावर त्यांची रुंदी खऱ्या रुंदीच्या सुमारे सत्तर टक्केच उतरते. त्यावरच्या खिडक्याही तेवढ्याच अरुंद दिसतात. विद्यार्थी पट्टी लावून मोजतात आणि मधली खिडकी मोठी, बाजूच्या लहान, असे लिहून मोकळे होतात. तिरकी बाजू कधीही एलेव्हेशनवर मोजू नये. तिची रुंदी प्लॅनवरून घ्यावी आणि उंची एलेव्हेशनवरून.

एलेव्हेशन एवढे सांगते: घुमट चौरस पेटीच्या माथ्यावर आहे आणि पाकळ्यांमधून निघतो. तो कशावर टेकला आहे, याबद्दल ते गप्प आहे.

प्लॅनकडे वळताना एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी लागते. प्लॅन म्हणजे वरून दिसणारे छप्पर नव्हे. इमारत जमिनीपासून साधारण चार-पाच फुटांवर आडवी कापायची, वरचा भाग बाजूला काढायचा आणि उरलेल्या भागाकडे सरळ वरून पाहायचे, तो प्लॅन. उंची चार-पाच फूट धरतात, कारण तिथे दारे आणि बहुतेक खिडक्या कापल्या जातात, म्हणून त्या चित्रात येतात. जे कापले गेले ते जाड रेघेने काढतात. पुष्कळदा ते भरीव काळेही करतात. कापाच्या खाली जे दिसते, म्हणजे पायऱ्या, ओटे, फरशी, ते बारीक रेघेने. कापाच्या वर जे आहे आणि खरे तर दिसायला नको, पण सांगणे गरजेचे आहे, ते तुटक रेघेने.

गोल घुमटाच्या प्लॅनमध्ये काळी जाड चौकट दिसते ती भिंतींची. आतल्या खोलीची एक बाजू 135 फूट 5 इंच, बाहेरून साधारण 156 फूट. वजाबाकी करून दोनाने भागले की भिंत सुमारे दहा फूट जाडीची निघते. चार कोपऱ्यांना बुरुजांचे अष्टकोन चिकटलेले आणि त्यांच्या पोटात जिने. खोलीच्या मध्यभागी बारीक रेघांचा एक चौथरा आहे, त्यावर थडगी. चौथरा कापाच्या खाली आहे म्हणून रेघा बारीक. इथे थांबून विचारावे: खऱ्या कबरी कुठे आहेत? त्या या प्लॅनमध्ये नाहीत. त्या जमिनीखालच्या तळघरात आहेत. वर दिसतात त्या केवळ खुणा. तळघर दाखवायचे तर त्याचा वेगळा प्लॅन काढावा लागतो. काही जण ते याच प्लॅनवर तुटक रेघेने दाखवतात आणि मग गोंधळ होतो, कारण डोक्यावरच्या गोष्टींसाठीही तुटक रेघच वापरतात. अमुक तुटक रेघ वरची आहे की खालची, हे एकट्या प्लॅनवरून ठरवता येत नसेल तर सेक्शन उघडावा. तिथे ती वस्तू कापाच्या रेषेच्या वर असेल किंवा खाली, मधली शक्यता नाही.

घुमटाच्या प्रश्नाचा पहिला खरा धागा या तुटक रेघांमध्ये आहे. प्रत्येक भिंतीवर दोन, असे एकूण आठ बिंदू. त्यांना जोडणाऱ्या रेघा एकमेकींना छेदतात आणि एक आठ टोकांची चांदणी उमटते. तिच्या पोटात एक वर्तुळ. पुस्तकातली ही चांदणी नुसती पाहून सोडून देण्यापेक्षा स्वतः काढून पाहावी. एका कागदाचे आणि अर्ध्या तासाचे काम आहे.

एक फूट म्हणजे एक मिलिमीटर असे प्रमाण घ्यावे आणि 135.4 मिलिमीटर बाजूचा चौरस काढावा. दोन्ही कर्ण ओढावे, ते छेदतात तो मध्य. आता कंपासचे टोक एका कोपऱ्यावर ठेवून तो मध्यापर्यंत उघडावा आणि त्याच मापाने लगतच्या दोन्ही बाजूंवर खुणा कराव्या. चारही कोपऱ्यांवरून असे केले की प्रत्येक बाजूवर दोन, म्हणजे आठ बिंदू मिळतात. ते ओळीने जोडले तर समभुज अष्टकोन होतो. पण तसे न जोडता एक बिंदू सोडून पुढचा जोडत जावे. चार रेघांनी एक तिरपा चौरस तयार होतो आणि उरलेल्या चार बिंदूंतून दुसरा. हे दोन चौरस एकमेकांत अडकलेले आहेत. गोल घुमटाच्या आठ कमानी याच आठ रेघांवर उभारलेल्या आहेत. दोन्ही चौरसांच्या पोटात जो छोटा अष्टकोन उरतो, त्याच्या समोरासमोरच्या बाजूंमधले अंतर मोजावे. ते सुमारे 104 मिलिमीटर भरते.

फर्ग्युसन यांनी वरच्या गोल तोंडाचा व्यास 97 फूट दिला आहे. म्हणजे 97 मिलिमीटरचे वर्तुळ त्या अष्टकोनात सहज बसते आणि चारी बाजूंना तीन-साडेतीन मिलिमीटर जागा उरते. आकडे तंतोतंत जुळले नाहीत म्हणून खट्टू होण्याचे कारण नाही. कागदावरच्या रेघेला जाडी नसते, कमानीला असते. शिवाय कमानींच्या वर बांधकाम आतल्या बाजूला थोडे थोडे सरकत जाते. उरलेले तीन फूट तिथे खर्ची पडतात. आता चांदणीचा अर्थ उलगडतो. 135 फुटांचा चौकोन आठ कमानींनी आत ओढत आणला आणि 97 फुटांच्या गोल तोंडापाशी नेऊन सोडला. गणिताच्या पुस्तकात ही रचना सोपी वाटेल. दगड-चुन्यात ती एवढ्या आकारात उभी करणारे सतराव्या शतकातले गवंडी मात्र थक्क करतात.

हे सगळे किती उंचीवर घडते? प्लॅनला ते ठाऊक नाही. प्लॅनमधल्या तुटक रेघा वीस फुटांवरच्याही असू शकतात आणि शंभर फुटांवरच्याही.

म्हणून सेक्शन. इमारत उभी कापायची, एक अर्धा भाग दूर करायचा आणि उरलेल्याकडे समोरून पाहायचे. जाड रेघ इथेही कापलेल्या भिंतीची, बारीक रेघ कापापलीकडे दिसणाऱ्या गोष्टींची. सेक्शन वाचायला घेण्याआधी एक काम करायलाच हवे. प्लॅनवर ती छेदरेषा शोधावी. तिच्या दोन्ही टोकांना अक्षरे असतात आणि बाण असतात. रेषा सांगते काप कुठून गेला, बाण सांगतो पाहणाऱ्याचे तोंड कुठे आहे. हे न पाहता सेक्शन वाचणे ही नव्या विद्यार्थ्यांची सर्वांत महागात पडणारी सवय आहे. पुढे त्याचे उदाहरण येईलच.

समजा काप दक्षिण आणि उत्तर भिंतींच्या मधून सरळ गेला आहे. सेक्शनमध्ये दोन्हीकडे दहा फूट जाडीच्या काळ्या भिंती उभ्या राहतात. खोलीच्या फरशीपासून 57 फुटांपर्यंत त्या सरळ आहेत. तिथून आतली बाजू पुढे झुकू लागते आणि 109 फूट 6 इंचांवर गोल तोंड तयार होते. म्हणजे चौकोनाचे वर्तुळ व्हायला साडेबावन्न फूट उंची लागली. प्लॅनमधली ती सपाट चांदणी प्रत्यक्षात एवढ्या उंचीभर पसरलेली आहे. 109 फूट 6 इंचांवर एक रुंद कडे आहे, आणि घुमट सुरू होतो त्या कड्याच्या मागच्या बाजूला, तोंडाच्या काठावर नव्हे. घुमटाचा आतला व्यास 124 फूट 5 इंच आहे. काठापासून घुमटाच्या भिंतीपर्यंत जी जागा उरते तोच तो प्रसिद्ध सज्जा, जिथे कुजबूज पलीकडे ऐकू येते.

इथे एक लहानसा आकडेमोडीचा प्रसंग आहे. 124 फूट 5 इंचांतून 97 फूट वजा करून निम्मे केले तर सज्जा जवळजवळ पावणेचौदा फूट रुंद निघतो. फर्ग्युसन ‘बारा फुटांहून अधिक’ म्हणतात आणि आज सर्वसाधारणपणे सांगितली जाणारी रुंदी अकरा फुटांच्या आसपास आहे. यातला कोणी खोटे बोलत नाही. एकाने कड्याच्या अगदी टोकापासून मोजले असेल, दुसऱ्याने कठड्याच्या आतल्या बाजूपासून, म्हणजे पाय ठेवायला जी मोकळी जागा मिळते तेवढीच. चित्रावर लिहिलेले कुठलेही माप घेताना ते कोणत्या कडेपासून कोणत्या कडेपर्यंत आहे, हे मापाच्या रेघेच्या दोन टोकांना जाऊन पाहावे लागते.

आता मूळ प्रश्न. इमारतीच्या मध्यापासून बाहेर मोजत जाऊ. घुमटाची जाडी सुमारे दहा फूट. म्हणजे घुमटाचे बांधकाम मध्यापासून 62 फुटांवर सुरू होते आणि 72 फुटांवर संपते. बाहेरचा व्यास 144 फूट दिला जातो, त्याच्याशी हे जुळते. भिंत मध्यापासून जवळजवळ 68 फुटांवर सुरू होते आणि 78 फुटांवर संपते. हे दोन पट्टे एकावर एक ठेवून पाहिले की उत्तर समोर येते. घुमटाच्या दहा फूट जाडीपैकी बाहेरचे जेमतेम चार फूट भिंतीच्या वर येतात. आतले साडेपाच-सहा फूट भिंतीच्या पुढे, खोलीच्या पोकळीवर आहेत. त्यांना खालून आधार देतो तो कमानींनी पुढे आणलेला भाग. म्हणजे भिंतीच्या मध्यावरसुद्धा घुमट पुरता भिंतीवर बसलेला नाही.

आणि हे भिंतीच्या मध्यावरचे चित्र झाले. तिथे भिंत घुमटाच्या सर्वांत जवळ येते. कोपऱ्यात काय होत असेल?

कोपरे पाहायचे तर इमारत कर्णावरून कापावी लागते, एका बुरुजापासून समोरच्या बुरुजापर्यंत. या सेक्शनमध्ये खोली अचानक रुंद होते. 135 फुटांच्या चौरसाचा कर्ण साडेएकशे एक्क्याण्णव फुटांच्या घरात जातो. घुमट मात्र तेवढाच राहतो, कारण वर्तुळ कुठूनही कापले तरी मध्यातून त्याचा व्यास एकच. खोलीचा आतला कोपरा मध्यापासून सुमारे 96 फुटांवर आहे आणि घुमटाची बाहेरची कड 72 फुटांवर. म्हणजे कोपऱ्यात घुमट भिंतीच्या जवळपासही नाही. तो भिंतीपासून जवळजवळ चोवीस फूट आत, पूर्णपणे कमानींच्या जाळ्यावर आहे. सरळ सेक्शन पाहणाऱ्याला वाटते, घुमट भिंतीवर थोडासा आत सरकवून ठेवला आहे. कर्णाचा सेक्शन पाहिल्यावर कळते की भिंतींचा वाटा थोडाच आहे आणि खरे ओझे त्या आठ कमानी पेलतात. छेदरेषा न पाहता दोन्ही सेक्शन शेजारी ठेवले तर एखाद्याला त्या दोन वेगळ्या इमारती वाटतील.

फर्ग्युसन यांना या रचनेत सर्वांत जास्त कौतुक वाटले ते याच गोष्टीचे. घुमट आपल्या बुडाला बाहेरच्या बाजूला रेटत असतो. आत झुकलेल्या कमानींचे आणि त्यांच्यावरच्या भरावाचे वजन आतल्या बाजूला ओढते. दोन्ही ओढींचा मेळ बसतो आणि भिंतींवर येणारा ताण कमी होतो. सेक्शनमध्ये त्या आत झुकलेल्या काळ्या भागाचे आकारमान पाहिले की हे म्हणणे पटते. तो भाग नाजूक नक्षी नाही, भरभक्कम बांधकाम आहे. एलेव्हेशनमध्ये दिसलेल्या पाकळ्यांचा खुलासाही इथेच होतो. त्या काहीच पेलत नाहीत. घुमट आणि चौकोनी पेटी जिथे भेटतात तो सांधा त्या बाहेरून झाकतात.

उंचीचे आकडे वाचताना मात्र सेक्शनमध्येही जपून असावे. घुमटाची आतली उंची 175 फूट आणि बाहेरची 198 फूट दिलेली आहे. फरक 23 फुटांचा. घुमटाची जाडी सुमारे दहा फूट. मग उरलेले तेरा फूट कुठे गेले? अशा वेळी दोन ठिकाणी पाहावे. बाहेरचे माप खोलीच्या फरशीपासून घेतले की बाहेरच्या जमिनीपासून? जोत्याची उंची त्यात आली का? आणि वर घुमटाच्या पाठीशी थांबले की त्यावरच्या शिखरापर्यंत गेले? चांगल्या सेक्शनमध्ये शून्य उंचीची रेषा स्पष्ट दाखवलेली असते. ती नसेल तर दोन पुस्तकांतल्या दोन उंचींची तुलना करण्यात अर्थ नाही.

सज्जाचा स्वतंत्र प्लॅनही पाहण्यासारखा असतो. काप या वेळी चार-पाच फुटांवर नसून एकशे चौदा फुटांच्या आसपास घेतलेला. खालच्या प्लॅनमध्ये जे तुटक वर्तुळ होते ते इथे सज्जाची कड म्हणून पक्क्या रेघेने येते, आणि घुमट जाड काळ्या कड्याच्या रूपात. त्या कड्याला ठरावीक अंतरावर आठ खाचा आहेत. त्या म्हणजे दारे. बुरुजातल्या जिन्याने चढून माणूस गच्चीवर येतो आणि घुमटाच्या जाडीतून गेलेल्या दाराने सज्जात पोचतो. चढताना जिन्यात दमछाक झालेल्या कुणालाही ही वाट आठवेल, पण आपण दहा फूट जाडीच्या घुमटाच्या आरपार गेलो हे कळते ते या प्लॅनवर.

सगळ्या बाजू सारख्या आहेत असे मानून चालणे ही आणखी एक चूक. चारही बाजूंनी सारखी दिसणारी इमारत म्हटली की ड्राफ्ट्समन पुष्कळदा एकाच कागदावर मध्यरेषेच्या एका अंगाला अर्धे एलेव्हेशन आणि दुसऱ्या अंगाला अर्धा सेक्शन काढतात. जागा वाचते आणि आत-बाहेरची तुलनाही होते, पण नवख्याला ती एक विचित्र, अर्धवट इमारत वाटू शकते. मधली बारीक ठिपके-रेघांची रेषा दिसली की समजावे, इथे चित्र बदलले आहे. आणि सारखेपणा गृहीत धरण्याआधी प्लॅन पुन्हा एकदा पाहावा. गोल घुमटाच्या उत्तर भिंतीला बाहेरून एक अर्ध-अष्टकोनी खोली जोडलेली आहे. दक्षिणेच्या एलेव्हेशनमध्ये तिचा मागमूस नसतो. पूर्व-पश्चिम सेक्शन मध्यातून गेला आणि बाण दक्षिणेकडे असला तर तिथेही नाही. उत्तर-दक्षिण सेक्शनमध्ये ती कापली जाते आणि ठळक दिसते. प्लॅनवरचा उत्तर दिशेचा बाण कोपऱ्यात बारीक काढलेला असतो, म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. तो नसता तर ही खोली कोणत्या बाजूला आहे हे सांगताच आले नसते.

राहिला प्रमाणाचा प्रश्न. 1866 च्या त्या पुस्तकातली चित्रे मूळ चित्रांचे फोटो घेऊन छापलेली आहेत, म्हणजे मूळ आकार बदललेला आहे. आज विद्यार्थ्याच्या हाती येते ती त्याची झेरॉक्स किंवा संगणकावरून काढलेली प्रत. अशा कागदावर ‘एकास दोनशे’ असे लिहिलेले असले तरी त्यावर विसंबू नये. फुटांचे भाग पाडलेली पट्टी चित्रातच काढलेली असेल तर ती चित्राबरोबर लहान-मोठी होते, म्हणून विश्वास तिच्यावर ठेवावा. पट्टीही नसेल तर एक खात्रीचे माप धरावे. समजा प्रतीवर खोलीची आतली बाजू 9 सेंटिमीटर भरली. म्हणजे एक सेंटिमीटरला साधारण 15 फूट. आता त्याच प्रतीवरच्या सरळ सेक्शनमध्ये घुमटाचा बाहेरचा व्यास 9.6 सेंटिमीटरच्या आसपास आणि भिंतीची जाडी पाऊण सेंटिमीटरला थोडी कमी भरायला हवी. दोन्ही जुळले तर प्लॅन आणि सेक्शन एकाच प्रमाणात आहेत. व्यास बराच कमी भरला आणि भिंतीचे माप बरोबर आले, तर काप मध्यातून गेलेला नाही. खोली रुंद, भिंतींची जाडीही वाढलेली, पण व्यास बरोबर, असे दिसले तर सेक्शन कर्णावरचा आहे. आणि आडवी मापे जुळून उभी मापे सगळीच कमी-जास्त येत असतील, तर कागद छपाईत एका दिशेने ताणला किंवा आवळला गेला आहे. मग उंची त्या कागदावर न मोजता चित्रावर लिहिलेल्या आकड्यांवरून घ्यावी.